गुण २४ आले, पण गेलेले ६ कुठले?

वाचकाचे पत्र

“माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. गेली दोन वर्षे ते गोंधळल्यासारखे वागतात. हिशेब चुकतो, शर्टाची बाही सापडत नाही, तासन्‌तास गप्प बसतात. मग एखाद्या दिवशी अगदी पूर्वीसारखे बोलतात. मात्र गेल्या आठवड्यात घरी कोण आले होते, काय बोलणे झाले, हे ते नीट सांगतात. स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २४ गुण आले. शंभरातून सात वजा करत जाण्यात ४ गुण गेले, तीनपैकी एक शब्द आठवला नाही आणि दोन पंचकोनांची आकृती जमली नाही. एमआरआयमध्ये थोडे पांढरे ठिपके आहेत. रक्तदाबाचा त्रास जुना असल्यामुळे एका डॉक्टरांनी व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंश, सांगितला. दुसऱ्यांनी गप्प बसणे ऐकून फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असेल असे म्हटले. संध्याकाळी त्यांना कोपऱ्यात दोन मुले बसलेली दिसतात, म्हणून मला लेवी बॉडी डिमेन्शियाची शंका येते. आई म्हणते, झोपेत ओरडणे आणि हात उगारणे सात-आठ वर्षांपासून आहे. भासांसाठी हॅलोपेरिडॉल लिहून मिळाले आहे, ते अजून सुरू केलेले नाही. या तिन्ही आजारांत फरक कशावरून करतात?”

सल्ला

सप्रेम नमस्कार.

आधी हॅलोपेरिडॉलविषयी लिहितो, कारण तेवढ्या एका बाबतीत उशीर परवडणार नाही. गोळी सुरू करण्यापूर्वी ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला आणि त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: झोपेतला अनेक वर्षांचा त्रास आणि माणसे दिसण्याचे भास. तपासणीच्या खोलीत यातली दुसरी गोष्ट सांगितली जाते आणि पहिली सांगायची राहून जाते, कारण झोपेतल्या ओरडण्याचा डिमेन्शियाशी काही संबंध असेल असे घरच्यांच्या मनातही येत नाही. या दोन्ही एकत्र आल्या की लेवी बॉडी डिमेन्शियाचा विचार करावाच लागतो. या आजारात मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची यंत्रणा आधीच दुबळी झालेली असते आणि हॅलोपेरिडॉल नेमके डोपामिनचेच काम अडवते. अशी औषधे दिल्या गेलेल्या लेवी बॉडीच्या रुग्णांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या रुग्णांना तीव्र त्रास होतो: अंग एकाएकी ताठ होते, गुंगी आणि गोंधळ वाढतो, उभे राहता येत नाही, गिळणे अवघड होते, काही जणांना ताप येतो आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. वडील त्या मुलांना घाबरत नसतील तर भासांवर लगेच औषध लागतेच असे नाही, हेही डॉक्टरांशी बोलताना विचारून घ्या.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. माझ्या मते आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती एमआरआयची नसून गुणांच्या तपशिलाची आहे, आणि बहुतेक पत्रांत नेमकी तीच नसते. ३० पैकी २४ हा आकडा तिन्ही आजारांत येऊ शकतो, त्यामुळे त्या आकड्याने काहीच ठरत नाही. या चाचणीत वार, तारीख, ठिकाण यांच्या भानाला १० गुण असतात, तीन शब्द लगेच म्हणून दाखवण्याला ३, वजाबाकीला ५, तेच शब्द थोड्या वेळाने आठवण्याला ३, भाषेला ८ आणि आकृती उतरवण्याला अवघा १. म्हणजे चाचणीचा बराचसा भार स्थळकाळाचे भान, आठवण आणि भाषा यांच्यावर आहे. अल्झायमरमध्ये पहिला घाव आठवणीवर आणि स्थळकाळाच्या भानावर पडतो, म्हणून तो या चाचणीत लवकर दिसतो. आपण ज्या तीन आजारांची नावे लिहिली आहेत ते तिन्ही सुरुवातीला दुसरीकडे घाव घालतात. म्हणूनच एकूण गुण बाजूला ठेवून कोणते गुण कसे गेले ते पाहावे लागते.

आपल्या वडिलांचे स्थळकाळाचे सर्व गुण शाबूत आहेत, भाषेचेही आहेत, आणि आठवणीत एकच शब्द सुटला आहे. सहापैकी पाच गुण लक्ष टिकवून धरण्याच्या आणि आकृती उतरवण्याच्या कामात गेले आहेत. हे दोन्ही गुण एकत्र जाणे हा लेवी बॉडीचा लवकर दिसणारा साचा आहे. आठवण बऱ्यापैकी टिकलेली असते, पण अवधान, नियोजन आणि जागेचे व आकाराचे आकलन आधी ढासळते. शर्टाची बाही न सापडणे हे त्याच तिसऱ्या दोषाचे घरगुती रूप आहे. डोळ्यांना बाही दिसते, पण आपला हात आणि ते कापड यांचा जागेतला संबंध मेंदूला जुळवता येत नाही. घरचे लोक याला विसरभोळेपणा म्हणतात आणि डॉक्टरांनाही ‘विसरतात’ असेच सांगतात, तेव्हा चौकशी चुकीच्या दिशेने निघते. पुढच्या भेटीत ‘विसरतात’ हा शब्द न वापरता घडलेला प्रसंग जसाच्या तसा सांगा.

हीच वजाबाकी रक्तवाहिन्यांच्या आजारात कशी चुकते, हे पाहण्यासारखे आहे. मेंदूच्या खोल भागातील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हा पुढच्या भागाकडे जाणारे मार्ग जागोजागी तुटतात आणि सर्वांत आधी विचारांचा वेग मंदावतो. असा माणूस ९३, ८६, ७९ अशी उत्तरे बरोबर देतो, परंतु प्रत्येक उत्तराला इतका वेळ घेतो की विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. या चाचणीत वेळ मोजली जात नसल्याने त्याचे गुण मात्र कापले जात नाहीत. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे सुचतील तितकी सांगा म्हटले, तर दोन-चार नावांनंतर तो थांबतो. विषय मनात असतो, पण पुढचे नाव वर येत नाही. आठवणीचेही तसेच होते. शब्द आपणहून आठवत नाही, पण ‘ते एक फळ होते’ एवढी खूण दिली की पटकन येतो. याचा अर्थ शब्द साठवला गेला होता, तो काढण्यात अडचण होती. अल्झायमरमध्ये अशी खूण फारशी उपयोगी पडत नाही, कारण तिथे मुळात साठवणच झालेली नसते. खुणेचा हा उपयोग लेवी बॉडीतही होतो, त्यामुळे त्यावरून व्हॅस्क्युलर आणि लेवी बॉडी वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी आकृतीकडे यावे लागते.

घड्याळ काढायला सांगण्याची एक सोपी परीक्षा दोन टप्प्यांत घेतली तर बरेच काही सांगून जाते. पहिल्यांदा कोऱ्या कागदावर मनाने घड्याळ काढायला सांगायचे आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगायचे. दुसऱ्यांदा काढलेले घड्याळ समोर ठेवून ते तसेच उतरवायला सांगायचे. दोष मुख्यतः नियोजनाचा असेल, जसा तो व्हॅस्क्युलर डिमेन्शियात असतो, तर पहिले घड्याळ बिघडते: आकडे एका बाजूला दाटतात, किंवा अकरा वाजून दहा मिनिटांसाठी एक काटा ११ वर आणि दुसरा थेट १० वर जातो. मात्र नमुना समोर असला की दुसरे घड्याळ बरेच सुधारते, कारण नियोजनाचे काम नमुन्यानेच केलेले असते. लेवी बॉडीत दोन्ही घड्याळे बिघडतात, कारण नमुना समोर असूनही त्याचा आकार नीट कळत नाही. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही. कमी शिकलेल्या, कंप असलेल्या किंवा नजर कमी असलेल्या माणसाच्या बाबतीत तर फार सावधपणे वापरावा लागतो. तरीही वडिलांची ही दोन घड्याळे आणि ती पंचकोनांची आकृती मेंदूविकारतज्ज्ञांना मूळ कागदावरच दाखवा. ‘आकृती जमली नाही’ असे नुसते सांगण्यापेक्षा ती कशी बिघडली हे दिसणे जास्त उपयोगाचे आहे. पंचकोन एकमेकांना छेदलेच नाहीत, की बाजूंची संख्या चुकली, की साराच आकार विस्कटला, यावरून तज्ज्ञ काही अंदाज बांधतात.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा जो प्रकार वागण्यातून सुरू होतो, त्यात यातले काहीच न होणे शक्य आहे. तो माणूस पंचकोन सुबक काढतो, दूरच्या रस्त्याने एकटा जाऊन परत येतो, चाचणीत २८ किंवा २९ गुण मिळवतो, आणि तरीही आयुष्याचा विचका करून ठेवतो. कारण त्याचा घाव मेंदूच्या पुढच्या भागावर आणि कानशिलामागच्या भागाच्या पुढच्या टोकावर असतो, जिथे संयम, दुसऱ्याच्या मनाची जाणीव आणि सामाजिक भान सांभाळले जाते. २०११ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार सहा गोष्टी पाहतात: संयम सुटणे, निरिच्छता, सहानुभूती आटणे, ठरावीक कृती वा शब्द पुन्हा पुन्हा करणे, खाण्याच्या सवयी पालटणे, आणि चाचण्यांत नियोजनाचा दोष असूनही आठवण व आकाराचे आकलन तुलनेने चांगले असणे. यांपैकी तीन गोष्टी असल्या तर हा आजार शक्य मानतात. यातली सहावी अट वाचलीत तर आपल्या वडिलांच्या आकृतीने ती मोडली आहे हे लक्षात येईल. वयाचाही विचार होतो. हा आजार बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. त्यानंतर होतच नाही असे नाही, पण ६७ व्या वर्षी सुरू झालेल्या त्रासात तो पहिला संशयित नसतो.

मग गप्प बसण्याचे काय? ‘उदासीन’ हा शब्द तिन्ही आजारांच्या कागदांवर लिहिलेला सापडतो आणि तिन्हींत त्याचा अर्थ वेगळा असतो, म्हणून यावर थोडे थांबतो. फ्रंटोटेम्पोरल आजारातील माणूस गप्प असतो तेव्हा त्याला इतरांचे काही वाटेनासे झालेले असते. पत्नीला ताप भरला, नातवंड पडले, तरी तो जागचा हलत नाही आणि आपले काही चुकते आहे असे त्याला वाटतही नाही. त्रास घरच्यांना होतो, त्याला नाही. व्हॅस्क्युलर आजारात माणसाला स्वतःहून सुरुवात करता येत नाही. ‘चला, फिरायला जाऊ’ म्हटले की तो उठतो, चालतो, बोलतो आणि घरी येऊन पुन्हा बसून राहतो. त्याच्यात नैराश्यही बरेचदा दिसते. कधी कधी तर क्षुल्लक निमित्ताने रडू फुटते आणि ते लगेच थांबतेही, आत तेवढे दुःख नसताना. लेवी बॉडीतील गप्पपणाला वेळापत्रक नसते. सकाळी माणूस शून्यात पाहत बसतो, दुपारी तोच वर्तमानपत्रातील बातमीवर मत देतो. आपण लिहिलेले ‘मग एखाद्या दिवशी अगदी पूर्वीसारखे’ हे शब्द मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. आईला बरे नसताना वडील कसे वागले, हे आठवून पाहा. त्या एका प्रसंगावरून फ्रंटोटेम्पोरलविषयी बरेच कळेल.

चढउतार मात्र काळजीने तपासावे लागतात, कारण कोणत्याही आजारी माणसाचे बरे-वाईट दिवस असतात. लेवी बॉडीतील चढउतार ओळखण्यासाठी चार प्रश्न विचारतात. रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसभर किंवा दिवसातून अनेकदा पेंग येते का? संध्याकाळी सातपूर्वी एकूण दोन तास किंवा त्याहून अधिक झोप होते का? बराच वेळ शून्यात नजर लावून बसणे होते का? बोलणे अचानक विस्कळीत, असंबद्ध होते आणि मग पुन्हा सरळ होते, असे घडते का? चारपैकी तीन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ असतील तर अल्झायमरपेक्षा लेवी बॉडीकडे झुकावे लागते. आपल्या पत्रातून तिसऱ्याचे उत्तर मिळते, बाकीची आपण आणि आईने मिळून लिहून काढावीत. व्हॅस्क्युलर आजारातही चढउतार सांगितले जातात, पण तिथे मुख्यतः पायऱ्या असतात: एखाद्या दिवशी एकदम घसरण होते, मग कित्येक महिने स्थिती तशीच राहते आणि पुन्हा घसरण होते. पायऱ्यांचे हे वर्णन पक्षाघाताचे झटके आलेल्या रुग्णांना लागू पडते. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार हळूहळू, सपाट उताराने वाढतो, त्यामुळे ‘पायऱ्या नाहीत म्हणजे व्हॅस्क्युलर नाही’ असेही म्हणता येत नाही.

झोपेकडे येतो. स्वप्नांच्या झोपेत निरोगी माणसाचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे स्वप्नात तो कितीही धावला तरी अंथरुणात स्थिर असतो. मेंदूच्या देठातील ही कळ बिघडली की माणूस स्वप्न प्रत्यक्ष जगू लागतो: ओरडतो, ठोसे मारतो, पलंगावरून पडतो. हे बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात घडते, आणि जागे केल्यास माणूस लगेच भानावर येऊन ‘कोणीतरी मागे लागले होते’ असे स्वप्न सांगतो. पार्किन्सन आणि लेवी बॉडी या आजारांत हा विकार विचारशक्ती बिघडण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून असू शकतो, तर व्हॅस्क्युलर आणि फ्रंटोटेम्पोरल आजारांचा तो ओळखीचा भाग नाही. म्हणून आईने सांगितलेली सात-आठ वर्षे मला एमआरआयमधील ठिपक्यांपेक्षा वजनदार वाटतात. यातही एक फसगत संभवते. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारातही माणूस धडपडतो, आणि नैराश्यावरील काही औषधांनीही असे होते. मोठे घोरणे, श्वास मध्येच थांबणे हे आहे का, आणि त्या काळात अशी काही गोळी सुरू होती का, हे आईला विचारा. खात्री करायची असेल तर रात्रभराची झोपेची तपासणी होते, जिच्यात स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडतात की नाही हे प्रत्यक्ष नोंदले जाते. तोपर्यंत पलंगाशेजारच्या टोकदार वस्तू हलवा आणि आईची झोपण्याची जागा थोडी वेगळी करा.

भासांविषयी थोडक्यात. लेवी बॉडीतील भास स्पष्ट आकाराचे असतात, बहुधा माणसे, मुले किंवा प्राणी, ते पुन्हा पुन्हा दिसतात, बहुतेक वेळा बोलत नाहीत आणि मंद प्रकाशात वाढतात. सुरुवातीला ‘हे खरे नसावे’ असे माणसाला स्वतःलाही कळते. नजर फार कमी झालेल्या निरोगी वृद्धांनाही असे दिसू शकते, म्हणून डोळे तपासून घ्यावेत. फ्रंटोटेम्पोरलच्या एका आनुवंशिक प्रकारात भास होतात, परंतु एकूण त्या आजारात ते विरळच.

आता एमआरआय. साठीनंतर, विशेषतः रक्तदाबाचा त्रास असलेल्यांमध्ये, पांढरे ठिपके इतक्या जणांच्या मेंदूत सापडतात की त्यांच्या केवळ असण्यावरून निदान करणे म्हणजे पिकलेल्या केसांवरून आजार ओळखण्यासारखे आहे. प्रश्न त्यांच्या प्रमाणाचा आणि जागेचा असतो. ठिपके सुटे आहेत की एकमेकांत मिसळून त्यांचे मोठे पट्टे झाले आहेत? मेंदूच्या खोल भागात जुन्या छोट्या पक्षाघातांच्या पोकळ्या किती आहेत? थॅलॅमससारख्या मोक्याच्या जागी इजा आहे का, जिथे एकच लहान घाव पूर्ण माणूस बदलू शकतो? पट्टे विस्तृत असतील, पोकळ्या अनेक असतील, किंवा एखादा झटका आणि विचारशक्तीतील घसरण यांची वेळ जुळत असेल, तरच व्हॅस्क्युलर हे मुख्य कारण मानणे रास्त ठरते. याच्या जोडीला चालणेही पाहावे. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे आखूड पडतात आणि दोन पायांतले अंतर वाढते, पण हात बऱ्यापैकी झुलतात. लघवीची घाईही लवकर सुरू होते. लेवी बॉडीत माणूस थोडा पुढे वाकतो, हाताचा झोका कमी होतो, चेहऱ्यावरचे भाव उतरतात आणि हालचाली मंदावतात. वडील चालत असतानाचे एक-दोन मिनिटांचे चित्रीकरण, समोरून आणि मागून, तज्ज्ञांना दाखवण्यासाठी करून ठेवा.

हे सारे आपल्या वडिलांना लावून पाहू. २०१७ मध्ये सुधारलेल्या निकषांत लेवी बॉडीची चार मुख्य लक्षणे धरली आहेत: चढउतार, वारंवार दिसणारे स्पष्ट भास, स्वप्नझोपेतील हालचाली आणि पार्किन्सनसारखी मंदता, ताठरपणा वा कंप यांपैकी एखादे चिन्ह. डिमेन्शिया असताना यांपैकी दोन लक्षणे आढळली तर आजार बहुधा आहे असे मानतात. पत्रावरून भास आणि झोप ही दोन लक्षणे दिसतात आणि चढउताराची शक्यता आहे. चौथ्याविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण सुरुवातीला ते नसले तरी बिघडत नाही. त्यात अवधान आणि आकृती यांत गेलेल्या पाच गुणांचा साचा जुळतो. म्हणून माझे झुकते माप लेवी बॉडीकडे आहे, व्हॅस्क्युलर भागीदार असू शकेल असे मी मानतो, आणि फ्रंटोटेम्पोरल मला सर्वांत कमी संभाव्य वाटतो. भागीदारीचा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. या वयात एकाच मेंदूत दोन आजार असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि एक सापडला म्हणून दुसरा बाद होत नाही. हे मत पत्रावरून दिलेले आहे आणि वडिलांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या तज्ज्ञांचे निरीक्षण त्याहून वरचे आहे.

डोपामिनची यंत्रणा पाहणाऱ्या स्कॅनचा सल्ला मिळाला तर त्याचे उत्तर कशाला लागू पडते हे आधी समजून घ्या. तो स्कॅन लेवी बॉडी आणि अल्झायमर यांत फरक करण्यासाठी चांगला आहे, कारण अल्झायमरमध्ये तो सहसा नीट येतो. पण फ्रंटोटेम्पोरल आजारातही तो बिघडलेला येऊ शकतो, आणि मेंदूच्या त्याच खोल भागात रक्तवाहिनीची इजा असेल तर तिथलेही चित्र बदलते. म्हणजे आपल्यासमोर असलेल्या तीन नावांपैकी एक निवडायला तो एकटा पुरा पडणार नाही. हृदयाच्या मज्जातंतूंचा एमआयबीजी स्कॅन लेवी बॉडीच्या बाजूने अधिक बोलतो, मात्र मधुमेह, हृदयविकार आणि काही औषधे यांनी त्याचे उत्तर बिघडते. झोपेची तपासणी आपल्या बाबतीत मला या दोन्हींच्या आधी करण्याजोगी वाटते.

निदानाचे नाव बदलल्याने उपचार बदलतात. रिव्हास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल ही औषधे लेवी बॉडीत अवधान आणि भास दोन्हींवर उपयोगी पडतात. ती देण्याआधी नाडी मंद आहे का हे ईसीजीने पाहतात. तीच औषधे फ्रंटोटेम्पोरल आजारात लाभ देत नाहीत आणि काही वेळा अस्वस्थता वाढवतात. व्हॅस्क्युलर भागासाठी रक्तदाबावर नियंत्रण हाच मुख्य उपाय आहे, पण लेवी बॉडीत उठल्यावर रक्तदाब एकदम घसरण्याची प्रवृत्ती असते. म्हणून वडिलांचा रक्तदाब झोपलेले असताना आणि मग उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला तर रक्तदाबाच्या गोळ्यांचा पुन्हा विचार करावा लागेल, अन्यथा पडण्याचा धोका वाढतो. सर्दीच्या, लघवीच्या घाईच्या आणि नैराश्याच्या काही जुन्या गोळ्या गोंधळ आणि भास वाढवतात, त्यामुळे घरातल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून घेऊन जा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

तज्ज्ञांची भेट मिळेपर्यंत तीन-चार आठवडे एक वही ठेवा. रोज तीनदा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, वडील किती जागरूक होते, दिवसा किती झोपले, काय दिसले आणि त्यांना ते खरे वाटले का, एवढेच लिहा. आई रात्रीची नोंद ठेवेल. त्या नोंदी चालू असताना गोंधळ एखाद्या दिवसात किंवा दोन दिवसांत नेहमीपेक्षा खूप वाढला, तर त्याला चढउतार समजून वाट पाहू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे किंवा नवी गोळी यांमुळे असे होते आणि ते त्याच दिवशी तपासावे लागते. एक हात किंवा चेहऱ्याची एक बाजू एकाएकी कमजोर झाली, बोबडी वळली, तर थेट रुग्णालय गाठा, आणि तिथे रात्री अस्वस्थतेसाठी कोणी इंजेक्शन द्यायला निघाले तर ‘लेवी बॉडीचा संशय आहे, हॅलोपेरिडॉल देऊ नका’ असे लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात द्या. ती चिठ्ठी आजच लिहून फाइलच्या पहिल्या पानाला जोडून ठेवा.